आरडीचे व्याज अपेक्षेपेक्षा कमी का दिसते? तिमाही चक्रवाढीचा प्रत्यक्ष हिशेब

प्रश्न : "चोपड्याला बँकेत दरमहा ३,००० रुपयांची आरडी काढली आहे. १२ महिने, ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. ३६,००० वर ७ टक्के म्हणजे निदान २,५२० रुपये व्याज हवे. पावतीवर मुदतीअंती फक्त ३७,३८६ रुपये लिहिले आहेत. हिशेब चुकला आहे का?"

उत्तर : हिशेब चुकलेला नाही. पावतीवरचा आकडा रुपयापर्यंत बरोबर आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका बँकेत मी बरीच वर्षे ठेवींच्या खिडकीवर काम केले. हा प्रश्न तिथे इतक्या लोकांनी विचारला आहे की त्याचे उत्तर सूत्राने न देता कागदावर बेरीज मांडून द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

७ टक्के हा एका वर्षाचा दर आहे आणि आपले ३६,००० रुपये बँकेत वर्षभर नव्हतेच. खाते ५ जूनला उघडले असे धरू. ५ जूनचा पहिला हप्ता पुढच्या ५ जूनपर्यंत, म्हणजे पूर्ण १२ महिने बँकेत राहतो. जुलैचा हप्ता ११ महिने राहतो, ऑगस्टचा १० महिने, आणि असे एकेक महिना कमी होत शेवटचा, म्हणजे पुढच्या ५ मेचा हप्ता, फक्त एक महिना राहतो. खात्याची मुदत शेवटच्या हप्त्याच्या दिवशी संपत नाही, त्यानंतर एक महिन्याने संपते; म्हणून त्या हप्त्यालाही एका महिन्याचे व्याज मिळते. आता १२, ११, १० असे करत १ पर्यंतची बेरीज करा. ती ७८ येते. म्हणजे आपल्या सगळ्या हप्त्यांनी मिळून जे काम केले, ते ३,००० रुपये ७८ महिने ठेवण्याइतके, किंवा २,३४,००० रुपये एकच महिना ठेवण्याइतके आहे. खातेवह्या हाताने लिहिल्या जात तेव्हा या रकमेला आम्ही 'प्रॉडक्ट' म्हणायचो, आणि संगणकाचा आकडा तपासायला आजही मला तीच रीत जवळची वाटते. २,३४,००० ला ७ ने गुणून १,२०० ने भागले की १,३६५ रुपये येतात. हे झाले सरळ व्याज.

१२ हप्त्यांना ७८ महिने, म्हणजे प्रत्येक हप्ता सरासरी साडेसहा महिने बँकेत होता. आपण सगळी रक्कम १२ महिने होती असे धरले, म्हणून २,५२० आले. ३६,००० रुपये पहिल्याच दिवशी मुदत ठेवीत ठेवले असते तर आपला आकडा बरोबर ठरला असता, उलट तिमाही चक्रवाढीमुळे व्याज २,५८७ रुपयांच्या आसपास गेले असते. पण आरडीत ती रक्कम वर्षभरात थोडी थोडी जमा होते, आणि मे महिन्यात भरलेले ३,००० रुपये मागच्या जूनपासूनचे व्याज मिळवू शकत नाहीत.

पावतीवरचे व्याज मात्र १,३८६ रुपये आहे. सरळ व्याजापेक्षा हे जे २१ रुपये जास्त दिसतात, ती तिमाही चक्रवाढीची कमाई. ती कशी येते हे तिमाही सुटी करून पाहू. वर्षाला ७ टक्के म्हणजे तिमाहीला १.७५ टक्के. पहिल्या तिमाहीत तीन हप्ते येतात. त्यांतला पहिला तीन महिने राहतो, दुसरा दोन आणि तिसरा एक, म्हणून त्यांना अनुक्रमे ५२.५०, ३५ आणि १७.५० रुपये व्याज मिळते. एकूण १०५ रुपये. तिमाही संपताना खात्यात ९,१०५ रुपये होतात, आणि इथून पुढे त्या १०५ रुपयांवरही व्याज चढू लागते. दुसऱ्या तिमाहीत ९,१०५ चे १.७५ टक्क्यांनी ९,२६४.३४ होतात. त्यात नव्या तीन हप्त्यांचे, व्याजासह, ९,१०५ मिळवले की १८,३६९.३४ होतात. हीच कृती पुन्हा केली की तिसऱ्या तिमाहीअखेर २७,७९५.८० आणि चौथ्या तिमाहीअखेर ३७,३८७.२३ रुपये येतात.

इथे काटेकोर वाचकाला लगेच खटकेल की पावतीवर ३७,३८६ आहेत आणि आपल्या कागदावर ३७,३८७. हा फरक कारकुनाच्या चुकीचा नाही, दोन वेगळ्या रीतींचा आहे. आपण तिमाहीच्या आतल्या एक आणि दोन महिन्यांना सरळ व्याज लावले. बँकांच्या संगणकात बहुतेक ठिकाणी जे सूत्र असते, ते महिन्याला तिमाहीचा एक तृतीयांश समजून चक्रवाढीचाच घातांक लावते, म्हणजे असा दर धरते की तो तीन महिने चक्रवाढीने चढल्यावर नेमके १.७५ टक्के व्हावेत. त्यामुळे एक महिन्याच्या हप्त्याला १७.५० ऐवजी १७.४० रुपये आणि दोन महिन्यांच्या हप्त्याला ३५ ऐवजी ३४.९० रुपये मिळतात. प्रत्येक तिमाहीत असे २० पैसे कमी होतात आणि वर्षअखेर, त्यांवरचे व्याज धरून, फरक ८३ पैशांचा होतो. सूत्र असे :

```
M = R × [(1 + i)^n − 1] / [1 − (1 + i)^(−1/3)]
```

यात R म्हणजे मासिक हप्ता, i म्हणजे तिमाही दर, आपल्या खात्यासाठी ०.०१७५, आणि n म्हणजे तिमाहींची संख्या, इथे ४. कंसातला वरचा भाग ०.०७१८५९ येतो, खालचा ०.००५७६६१९, आणि भागाकार १२.४६२१३. त्याला ३,००० ने गुणले की ३७,३८६.४० रुपये मिळतात. हाच आपल्या पावतीवरचा आकडा. घातांक हाताने काढणे कटकटीचे असते, म्हणून एक्सेलमध्ये पुढची ओळ जशीच्या तशी लिहावी :

```
=FV((1+7%/4)^(1/3)-1, 12, -3000, 0, 1)
```

या ओळीतला शेवटचा 1 विसरू नका. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला आहे हे तो सांगतो. तो गाळला तर एक्सेल प्रत्येक हप्त्याचा एक महिना कापते आणि उत्तर ३७,१७०.८२ येते. आपल्या पडताळणीत बँकेचा आकडा असा सुमारे २१५ रुपयांनी जास्त दिसला, तर आधी हा 1 तपासावा. दुसरी चूक म्हणजे दराच्या जागी सरळ 7%/12 लिहिणे. त्याने मासिक चक्रवाढ होते आणि ३७,३९४.६३ रुपये येतात. मग बँकेने ८ रुपये खाल्ले असे वाटते, पण बँकेने मासिक चक्रवाढ कबूलच केलेली नसते.

१२ महिन्यांत चक्रवाढीने फक्त २१ रुपये दिले, हे वाचून आपण निराश व्हाल, म्हणून लांब मुदतीचे उदाहरणही देतो. हीच आरडी, याच दराने, ५ वर्षे चालवली तर हप्त्यांचे १,८०,००० रुपये होतात. सरळ व्याज ३२,०२५ रुपये आले असते, तर तिमाही चक्रवाढीने मुदतीअंती सुमारे २,१५,७९८ रुपये, म्हणजे ३५,७९८ रुपये व्याज मिळते. चक्रवाढीचा वाटा २१ रुपयांवरून सुमारे ३,७७३ रुपयांवर जातो. मुदत पाचपट झाली, पण हा वाटा पावणेदोनशे पटींच्या पुढे गेला, कारण पहिल्या वर्षाच्या व्याजाला वाढायला आणखी चार वर्षे मिळाली. मुदत १४ महिन्यांसारखी तिनाच्या पटीत नसेल, तर उरलेल्या महिन्यांना सूत्राचाच घातांक लावायचा की सरळ व्याज, हे बँकेगणिक बदलते. काही पैशांचा किंवा रुपयांचा फरक तिथे पडेल.

आता पावतीवरच्या आकड्याची मर्यादा. तो आकडा सगळे हप्ते ठरल्या तारखेला भरले जातील असे गृहीत धरून छापलेला असतो, आणि आपल्या खानदेशात खरी गडबड इथेच होते. अमळनेर तालुक्यातले एक कापूस लावणारे भाऊ मुदत संपल्यावर पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मन्हा पैसा कथा गयात?" त्यांचा हप्ताही ३,००० रुपयांचाच होता. पासबुक उघडून आम्ही दोघांनी तारखांवरून बोट फिरवले. जानेवारीपासून मेपर्यंत दर ५ तारखेची नोंद होती. जूनचा हप्ता जुलैत, जुलैचा ऑगस्टमध्ये आणि ऑगस्टचा सप्टेंबरमध्ये भरलेला होता. पेरणी, खत आणि निंदणी यांत हातातला पैसा शेतात जातो आणि कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो, त्यामुळे हे तीन महिने नेमके कोरडे असतात. बाकीचे हप्ते वेळेवर होते.

उशिराच्या हप्त्याला बँका दंड लावतात. भारतीय स्टेट बँकेच्या नियमांत ५ वर्षांपर्यंतच्या आवर्ती ठेवीसाठी तो दर १०० रुपयांमागे महिन्याला दीड रुपया दिलेला आहे, आणि माझ्या खिडकीवरही दर तेवढाच होता. ३,००० च्या हप्त्याला एका महिन्याच्या उशिरासाठी ४५ रुपये होतात. त्याच ३,००० रुपयांवर त्या महिन्याचे व्याज १७.५० रुपये असते. म्हणजे एक महिना उशीर केला की त्या महिन्याच्या व्याजाच्या अडीच पटींहून जास्त रक्कम जाते. भाऊंचे तीन हप्ते उशिरा आले होते, म्हणून १३५ रुपये कापले गेले होते. आपल्या ७ टक्क्यांच्या खात्यात असे झाले तर ३७,३८६ ऐवजी ३७,२५१ रुपये हातात पडतील.

म्हणून मुदत संपल्यावर रक्कम कमी वाटली, तर व्याजाचे सूत्र तपासण्याआधी पासबुकातल्या तारखा तपासाव्यात. कमी पडलेली रक्कम दंडाच्या नेमक्या पटीत, आपल्या बाबतीत ४५ च्या पटीत असेल, तर कारण उशीर हेच समजावे. बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना दिली असली, तरी त्या दिवशी बचत खात्यात पैसे नसतील तर हप्ता थकतोच. हप्त्याची तारीख खाते उघडण्याच्या तारखेवरून ठरते, त्यामुळे नवी आरडी काढताना पगार किंवा दुधाचे बिल जमा होते त्यानंतरचे दोन-तीन दिवस सोडून खाते उघडावे.

करकपातीचे पाहता, १ एप्रिल २०२५ पासून साठ वर्षांखालील ठेवीदाराचे एका बँकेतले वर्षभराचे ठेवींवरचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले तरच बँक मुळातून कर कापते. आपल्या १,३८६ रुपयांना, त्या बँकेत दुसऱ्या मोठ्या ठेवी नसतील तर, तो प्रश्न येत नाही. ते व्याज विवरणपत्रात दाखवावे मात्र लागते.