शारदा मंडळाचं स्वागत भाषण कसं करशील

भाऊ, पहिल्यांदाच माइक हाती घेतोयस, तर भाषण तीन मिनिटांतच आटप. मंडपात पुढे सतरंजीवर लहान पोरं, मागे बाया, कडेच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं. पोरं चुळबुळली की मागच्यांना काही ऐकू जात नाही. म्हणून आधी त्यांच्याशीच बोल: "पोरांनो, पहिला नाच तुमचाच आहे, तोवर जागा सोडू नका." ती गप्प झाली की थोरांकडे वळ: "आजोबा, आजी, काका, मावश्यांनो, सोयाबीनची सोंगणी सुरू असतानाही आलात, मंडळाकडून रामराम."

पाहुण्यांची नावं पाठ म्हणू नकोस, कागदावर घे. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक हा क्रम आदल्या दिवशीच जाणत्यांना दाखवून घे, कारण एखादं नाव राहिलं तर माणूस रुसतो आणि पुढच्या वर्षीची वर्गणीही अडते. वर्गणीदारांची यादी इथं नकोच, ती समारोपाला वाच. मंडप घालणाऱ्या पोरांना आणि महाप्रसाद रांधणाऱ्या बायांना मात्र नावानिशी उभं कर. टाळ्या तिथंच खऱ्या पडतात.

शेवटी कार्यक्रमांचा क्रम आणि जेवणाची वेळ सांग. मधेच लाइट गेली तर ओरडत राहू नकोस, जनरेटर सुरू होईपर्यंत देवीची आरती धर.