अरबीच्या परीक्षेसाठी रीडिंग आणि लिसनिंगला वेळ कसा वाटून द्यावा?

प्रश्न: अरबीची प्रोफिशियन्सी परीक्षा १२ आठवड्यांवर आलीये. फुसहा म्हणजे प्रमाण अरबी, रीडिंग आणि लिसनिंग दोन्ही कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे. कॅम्पात दोन वर्षं क्लास केलाय, कुराण लहानपणापासून वाचता येतं, पण बातम्या लावल्या की डोक्यावरून जातं. कोंढव्याहून हिंजवडीला नोकरी, सोम ते शनि रोज तासभर आणि रविवारी तीन तास मिळतात. वेळ कसा वाटू?

उत्तर: आठवड्याचे ९ तास म्हणजे चांगलेच झाले. पण लगेच अर्धे इकडे अर्धे तिकडे असं करू नका, कारण "बातम्या कळत नाहीत" याचा अर्थ लिसनिंग कच्चं आहे असा होतोच असं नाही. आधी नेमकं काय अडतंय ते बघा, पहिला आठवडा त्यातच जाऊ द्या.

साधारण एकेक मिनिटाच्या तीन क्लिप घ्या, ज्यांचा मजकूर सोबत मिळतो अशा. अल जझीराची अरबी शिकवणारी वेगळी साइट आहे, तिथे लेव्हलप्रमाणे मिळतील, संयुक्त राष्ट्रांच्या अरबी बातम्यांमध्येही ऑडिओ असतो पण ते जरा वरचं आहे. क्लिप दोनदा ऐका आणि काय विषय होता ते मराठीत दोन ओळीत लिहा. मग तुकड्या-तुकड्याने ऐकत जे कानावर पडतंय ते अरबीत लिहून काढा, नाही कळलं तिथे जागा सोडा. त्यानंतरच मजकूर उघडायचा, आणि प्रत्येक सुटलेल्या शब्दापुढे खूण करायची. कागदावर बघताच ओळखला तर "कान", कागदावरही अनोळखी तर "शब्द". तिसरा प्रकार असा की शब्द सगळे ऐकू आले, सगळे माहितीतले, तरी वाक्य लागलं नाही, तिथे "व्याकरण" लिहा.

आता समजा तिन्ही क्लिप मिळून ४० जागा सुटल्या आणि त्यातल्या २६ "कान" निघाल्या, १० "शब्द" आणि ४ "व्याकरण". मग ९ पैकी ५ तास लिसनिंगला द्या. उलट २५ "शब्द" निघाले तर लिसनिंग वाढवून काही हाती लागणार नाही, कारण जो शब्द वाचूनही येत नाही तो ऐकून कुठून येणार, तेव्हा ६ तास रीडिंगला. आणि दर पाच शब्दांत एक अनोळखी असेल तर क्लिपच तुमच्यासाठी जड आहे, खालची लेव्हल घ्या आणि परत मोजा.

माझा अंदाज, तुमचं "कान" जास्त निघेल. का ते एका वाक्यावर सांगतो. "अर्थमंत्र्यांनी काल गव्हाचे भाव वाढल्याचं जाहीर केलं", हे बातमीत साधारण असं येईल: अअलना वझीरुल इक्तिसादि अम्सिर्तिफाअ अस्आरिल कम्ह. कागदावर "अम्स" वेगळा शब्द आहे आणि "इर्तिफाअ" वेगळा, पण बोलताना दुसऱ्याचा सुरुवातीचा इ गळतो आणि दोन्ही चिकटतात. कान "सिर्तिफा" असला शब्द शोधत बसतो जो कुठल्याच डिक्शनरीत नाही, आणि तेवढ्यात गव्हाचे भाव निघून गेलेले असतात. कुराण वाचताना हे असं जोडून वाचणं तुम्ही करताच की, पण तिथे खुणा समोर असतात, पाठही असतं, आणि तिलावत बातमीपेक्षा कितीतरी संथ असते. त्यामुळे मखरज, म्हणजे अक्षरांचे उच्चार, चांगले असूनही बातमीत गोंधळ होतो. तरी सीन-साद, हे-हा, हमजा-ऐन हे फरक तुमच्या कानाला आधीपासून आहेत हा मोठा फायदा, शून्यापासून आलेल्या मराठी मुलांचा बराच वेळ यातच जातो.

रोजच्या तासात मग काय? लिसनिंगच्या दिवशी एकच मिनिटाची क्लिप, पण वर सांगितलं तसं पूर्ण: ऐका, लिहा, तपासा, मग मजकूर बघत निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि डोकं शिणतं, म्हणून सलग दोन तास हे करू नका. उरलेल्या वेळात कालची क्लिप मजकुराशिवाय. बसमध्ये फक्त अशा घासून झालेल्या क्लिप ऐका, नवीन नको. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्नच्या गोंगाटात नवीन बातमी लावून "मी रोज दीड तास लिसनिंग करतो" म्हणणारे खूप भेटतात, त्यांचं काहीही होत नाही :)

रीडिंगच्या दिवशी वेगळा मजकूर शोधू नका, त्याच विषयावरचा घ्या. गव्हाचे भाव ऐकले असतील तर दुसऱ्या दिवशी शेती-महागाईवरचीच बातमी वाचा, शब्द तेच फिरून येतात आणि वेगळी शब्दांची वही घेऊन बसावं लागत नाही. तुमची रीडिंगमधली अडचण दुसरी असणार, जबर-जेर-पेश या स्वरांच्या खुणा नसणं. ऐन-काफ-दाल एवढंच लिहिलेलं... नाही, काफ नाही, जाडा काफ, क़ाफ म्हणतो मी, ऐन-क़ाफ-दाल लिहिलं असेल तर ते "करार" असू शकतं, "गळ्यातला हार" असू शकतं, "त्याने करार केला" किंवा "(बैठक) भरवली गेली" पण असू शकतं, आणि बातमीत हे शेवटचं फार येतं. क्रियापदापाठोपाठ "बैठक" आली आणि बैठक भरवणारं कोणीच नाही, म्हणजे तो कर्मणी प्रयोग. हे डोळ्याला लागायला हवं. तपासायचं कसं, तर बिनखुणांचा एक परिच्छेद मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्याच मजकुराच्या मूळ ऑडिओशी लावून बघा. जिथे स्वर चुकला तिथे बहुतेक अर्थही चुकलेला असतो. वाचताना पहिल्या फेरीत डिक्शनरी बंद, घड्याळ लावून, आधी प्रश्न वाचून मग उतारा.

रविवारच्या तीन तासांत एक तास आठवड्याच्या सगळ्या क्लिप परत, एक तास लांब उतारे, आणि एक तास आकडे आणि नावं. आकड्यांवर प्रश्न हमखास येतात. यात आपल्याला एक सोय आहे, अरबीत २३ म्हणजे "तीन आणि वीस", आपल्या तेवीससारखंच एकक आधी. इंग्रजीतून विचार करू नका, सरळ मराठीतून करा, हात पटकन लिहितो. सालं मात्र लांबलचक येतात, १९८५ म्हणजे हजार आणि नऊशे आणि पाच आणि ऐंशी, ती रोज पाच-दहा लिहून काढा.

चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी तीन नव्या क्लिपवर तीच खुणांची मोजणी परत करा आणि तास त्याप्रमाणे हलवा. साधारण असं होतं की "कान" कमी होतात आणि "शब्द" वर येतात, तेव्हा लिसनिंगचा एक तास काढून रीडिंगला द्यायचा. इजिप्तच्या सिरियल्स किंवा दुबईहून आलेल्या चुलतभावाची अरबी यावर हे १२ आठवडे घालवू नका, तुमची परीक्षा फुसहाची आहे.

दहाव्या आठवड्यापासून रविवारी पूर्ण मॉक, दोन्ही सेक्शन एकाच बैठकीत, परीक्षेत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. दुसरा सेक्शन थकलेल्या डोक्याने द्यावा लागतो, तिथे मार्क किती पडतात ते वेगळं लिहून ठेवा. लिसनिंगमध्ये क्लिप सुरू व्हायच्या आत पर्याय वाचून घ्यायचे, आणि एखादा प्रश्न हुकला तर तिथेच सोडून पुढच्या पर्यायांवर नजर न्यायची, हे मॉकमध्येच अंगवळणी पाडा. मोबाईलचे इयरफोन नको, परीक्षेत असतात तसे कान झाकणारे हेडफोन कुणाकडून तरी मागून घ्या, आवाज वेगळा लागतो.