अनंत पंगतींची आजची किंमत

प्रश्न: यावल तालुक्यातल्या आमच्या गावच्या सप्ताहात दरवर्षी एका दिवसाच्या वरण-बट्टीसाठी 12,000 रुपये कायमचे द्यायचे आहेत. आज एकरकमी किती ठेवू? वर्षं अनंत, मग रक्कमही अनंत लागणार नाही का?

उत्तर: व्याज वर्षाला 6 टक्के आणि पहिली पंगत एका वर्षानं धरली, तर 2,00,000 रुपये पुरतात. 12,000 भागिले 0.06.

आता ती अनंत का होत नाही ते पाहू. आधी पंगत ठरावीक n वर्षंच द्यायची असं समजा. तेवढ्या हप्त्यांची आजची किंमत अशी:

```
PV = (C / r) × (1 − 1/(1+r)^n)
```

यात C म्हणजे 12,000 आणि r म्हणजे 0.06. 25 वर्षांसाठी उत्तर येतं 1,53,400, 50 वर्षांसाठी 1,89,142 आणि 100 वर्षांसाठी 1,99,411. वर्षं वाढतात, पण रक्कम दोन लाखांच्या अलीकडेच राहते.

100 वर्षांच्या रकमेत दोन लाखांना 589 रुपये कमी पडतात. हे 589 कसले? दोन लाख ठेवून दरवर्षी फक्त व्याज काढलं, तर शंभर वर्षांनी मुद्दल जसंच्या तसं उरतं. त्या उरलेल्या दोन लाखांची आजची किंमत म्हणजे हे 589. पंगत शंभर वर्षांनी बंदच होणार असेल, तर ते मुद्दल उरायची गरज नाही, म्हणून तेवढी रक्कम कमी चालते. n वाढवत नेला की ही वजाबाकी शून्याकडे सरकते आणि उरतं फक्त C/r. शंभराव्या वर्षानंतरच्या सगळ्या पंगती मिळून आज जेमतेम 589 रुपयांच्या आहेत, मला या गणितातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पहिली पंगत याच वर्षी हवी असेल, तर तिचे 12,000 वेगळे धरा, म्हणजे एकूण 2,12,000.

खरी अडचण महागाईची आहे. डाळ, तूप, गहू महागणार, त्यामुळे काही वर्षांनी 12,000 मध्ये अर्धीच पंगत उठेल. खर्च दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढेल असं धरलं आणि या वाढीला g म्हटलं, तर भाजक r नसून r − g होतो: 12,000 भागिले 0.02, म्हणजे 6,00,000. अशा वेळी सुरुवातीला सगळं व्याज खर्च करायचं नाही. पहिल्या वर्षी 36,000 व्याज येईल, त्यातले 12,000 वापरून 24,000 मुद्दलात घालायचे. इथे रक्कम मर्यादेकडे फार सावकाश जाते. 100 वर्षांची किंमत जेमतेम 5,10,700 भरते, म्हणजे शंभर वर्षांपुढचा भाग अजून 89,000 च्या वर आहे. आणि खर्चवाढ व्याजाइतकी किंवा जास्त झाली, तर मर्यादाच उरत नाही. तेव्हा तुमची शंका खरी ठरते, कितीही रक्कम ठेवली तरी ती एक दिवस संपते.

व्याजदरही कायम राहत नाही. ठेवीचं नूतनीकरण 5 टक्क्यांनी झालं, तर दोन लाखांवर 10,000 च मिळतील. म्हणून हिशोब आजच्या दरापेक्षा एखादा टक्का कमी धरून करा.