बेदाण्याचा भागीतला सौदा : हिशेब एकत्र ठेवावा की आपापला?

प्रश्न : मी तासगावचा बेदाणा व्यापारी. पुण्याच्या मार्केट यार्डातील एका मित्रासोबत सहाशे पेट्यांचा एकच सौदा निम्म्या नफ्यावर करायचा आहे. खरेदी मी करीन, विक्री तो करील. तो म्हणतो, दोघांनी आपापल्या वहीत लिहू आणि शेवटी मेळ घालू. मुलगा म्हणतो, संयुक्त बँक खाते उघडून सौद्यासाठी वेगळ्या वह्या ठेवा. काय करावे?

उत्तर : सौदा एकच आहे, चार महिन्यांत संपणारा आहे आणि दोघांची स्वतःची दुकाने चालू आहेत. त्यामुळे मित्राची पद्धत चालेल, असे माझे मत आहे. वेगळ्या वह्यांच्या पद्धतीत दोघांचे पैसे आधी संयुक्त बँक खात्यात येतात आणि प्रत्येक खर्च तेथूनच होतो व विक्रीचे पैसेही तेथेच जमा होतात. शिस्त म्हणून ती अधिक चोख आहे. परंतु दरवर्षी असे सौदे करायचे असतील किंवा तिसरा भागीदार येणार असेल, तरच तेवढा खटाटोप परवडतो.

मित्राच्या पद्धतीत प्रत्येक जण स्वतःच्या वहीत फक्त स्वतःचे व्यवहार लिहितो आणि शेवटी दोघांचे खर्च व विक्री एका कागदावर आणून स्मरणार्थ संयुक्त साहस खाते मांडले जाते. हे खाते खतावणीचा भाग नसते. केवळ नफा काढण्यापुरते ते असते.

समजा, पंधरा किलोच्या सहाशे पेट्या, म्हणजे नऊ हजार किलो माल, आपण 200 रुपये दराने 18,00,000 रुपयांना घेतला आणि शीतगृहाचे भाडे, हमाली व वाहतूक यांवर 1,00,000 रुपये खर्च केले. मित्राने आपल्याला 7,00,000 रुपये पाठवले, पुण्यात 62,000 रुपये खर्च केले, 540 पेट्या 250 रुपये किलोने विकून 20,25,000 रुपये मिळवले आणि उरलेल्या साठ पेट्या 230 रुपये दराने, म्हणजे 2,07,000 रुपयांना, स्वतःच्या दुकानासाठी ठेवून घेतल्या. एकूण जमा 22,32,000, एकूण खर्च 19,62,000 आणि नफा 2,70,000 रुपये, प्रत्येकी 1,35,000. मित्राने पाठवलेले सात लाख या खात्यात येतच नाहीत, कारण ते दोघांमधले देणेघेणे आहे, सौद्याची जमा नव्हे. नवशिक्या कारकुनाची चूक हमखास येथेच होते. आपले 19,00,000 रुपये आणि नफा 1,35,000 यांतून 7,00,000 वजा केले, की मित्राने आपल्याला द्यायचे 13,35,000 रुपये उरतात. मित्राच्या वहीतूनही नेमका हाच आकडा निघाला पाहिजे. न निघाल्यास एखादी नोंद एका बाजूला राहून गेली आहे, असे समजावे.

माझी खरी चिंता वहीच्या पद्धतीची नाही, करारात न लिहिलेल्या गोष्टींची आहे. आपले बारा लाख रुपये चार महिने अडकणार आहेत. बारा टक्के दराने त्यांचे व्याज 48,000 रुपये होते. ते सौद्याचा खर्च धरले, तर नफा 2,22,000 वर येतो, प्रत्येकाच्या वाट्याला 1,11,000 येतात आणि आपल्याला व्याजासह 1,59,000 रुपये, म्हणजे 24,000 रुपये जास्त, मिळतात. 1932 च्या भागीदारी कायद्यात एखाद्या सौद्यापुरतीही भागीदारी मान्य आहे आणि त्याच कायद्यानुसार, ठरलेले नसेल तर भांडवलावर व्याज मागता येत नाही, तसेच धंदा पाहिल्याबद्दल मेहनतानाही मागता येत नाही. मित्राला विक्रीवर कमिशन हवे असेल, तर त्यानेही ते आताच लिहून घ्यावे.

उधारी बुडाली तर ती कोणाची, हेही लेखी ठरवा. गिऱ्हाईक मित्राचे आणि निवडही त्याची. म्हणून माझ्या मते, त्याला कमिशन मिळणार असेल तर बुडीत उधारी त्यानेच सोसावी. तसेच उरलेला माल कोणत्या दराने घ्यायचा, हे विक्री सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. वरच्या उदाहरणात त्या 230 रुपयांवरून वाद सहज होऊ शकतो.

विक्री आपल्या डोळ्यांआड होणार असल्याने दर पंधरा दिवसांनी विक्रीच्या बिलांच्या प्रती मागवाव्यात आणि रुपयांआधी पेट्या मोजाव्यात : पाठवलेल्या सहाशे, विकलेल्या, शिल्लक आणि खराब झालेल्या यांचा मेळ बसला नाही, तर पुढचे आकडे पाहण्यात अर्थ नाही.

माल तासगावहून निघताना दोघांचे जीएसटी क्रमांक वेगळे असल्याने बीजक आणि ई-वे बिल लागेल. त्या बीजकावरची किंमत काहीही असो, स्मरणार्थ खात्यात मूळ खरेदीचाच दर धरावा. सौद्याच्या नफ्यावर प्राप्तिकर दोघांना स्वतंत्रपणे लागेल की एकत्र, हे कराराच्या शब्दांवर अवलंबून असते. म्हणून मसुदा सही करण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालांना दाखवा.