ट्रायलच्या पाळीनंतर भरती अधिकाऱ्याला काय लिहावे?

प्रश्न : ट्रायलनंतर मेसेज कधी करावा? लगेच केला तर गरजू दिसतो, असे मित्र सांगतात.

त्याच संध्याकाळी करावा, आणि मित्रांचे ऐकू नये.

प्रश्न : बेळगावात मराठीत लिहू की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्हाला बोलावणे आले, त्याच भाषेत लिहा. झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळणारे तयार पत्र मात्र घेऊ नका. त्यात तुमच्या पाळीतले काहीच नसते.

प्रश्न : उद्यमबागेतील कारखान्यात सीएनसी लेथवर ट्रायल दिली. शाफ्टचा व्यास 25 मिमी, सूट ±0.02, माझे दोन जॉब 25.03 ला गेले. हे लिहू की गाळू?

लिहा. मला सर्वाधिक काळजी याच प्रश्नाची वाटते, कारण पाहिलेले काम केलेले म्हणून सांगणारे आणि बिघडलेले लपवणारे मेसेज सतत येतात, तर सुपरवायझरच्या वहीत खरी नोंद आधीच झालेली असते. आधी नेमके काय घडले ते समजून घ्या. इन्सर्टची धार झिजत गेली की बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. म्हणून आधीचे जॉब मापात आणि नंतरचे मोठे, असा क्रम असेल तर झीज हे संभाव्य कारण ठरते. मोठा राहिलेला व्यास बहुधा पुन्हा टर्निंग करून मापात आणता येतो, लहान झालेला जॉब मात्र सहसा भंगारात जातो. त्यामुळे ‘रिजेक्ट’ आणि ‘रिवर्क’ यांपैकी कोणता शब्द लागू आहे, हे सेटरला विचारल्याशिवाय लिहू नका. ते ठरले आणि घटनाक्रम असाच असेल, तर मजकूर असा असावा :

‘आज पहिल्या पाळीत मी जॉब लावणे-काढणे आणि मायक्रोमीटरने मोजणे ही कामे केली. ऑफसेट बदलणे फक्त पाहिले. दोन जॉब 25.03 आले, तेव्हा मशीन थांबवून सेटरना सांगितले. त्यांनी ऑफसेट दुरुस्त केला आणि ते दोन्ही जॉब रिवर्कला गेले. पुढील निर्णय कधीपर्यंत कळेल?’

मशीन कोणी थांबवले, हे वाक्य गाळू नका. तुम्ही माप वेळेवर पाहता, हे त्यातूनच कळते. सेटरने थांबवले असेल तर तसेच लिहा. ड्रॉइंगचा किंवा जॉबचा फोटो मात्र जोडू नका. तो ग्राहकाचा माल असतो.

प्रश्न : ट्रायलचे ठरलेले पैसे मिळाले नाहीत. त्याच मेसेजमध्ये मागू का?

नाही, वेगळा मेसेज करा, पण आजच करा. आठवडाभर थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांमुळे पुरावा पुसट होतो. तारीख, पाळीची वेळ, ठरलेली रक्कम आणि ती कोणी कबूल केली, एवढे लिहा. वेतन संहिता, 2019 प्रमाणे रोजंदारीवरील कामगाराची मजुरी पाळी संपताना द्यायची असते. तुमची ट्रायल रोजंदारीत बसते का, हे बोलावण्याचा मेसेज दाखवून कामगार अधिकाऱ्यांना विचारा, आणि तोवर कोणत्याही कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका.