द्वारकेच्या ट्रॅफिकचा फोटो

ताई, मी २६ वर्षांची आहे. अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहते पंचवटीत. पाच महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या लग्नात एक मुलगा भेटला. खूप काळजी घेतो. रोज सकाळी मी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकते, ते संपलं की लगेच त्याचा मेसेज येतो. द्वारका चौकात कंपनीची बस अडकली तर मी आधीच रस्त्याचा फोटो पाठवते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. रविवारी मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जायचे, तेही आता बंद झालंय. शेवटचं गेले तेव्हा तो न सांगता तिथे आला आणि बाहेर गाडीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी रडला, माफी मागितली, गजरा घेऊन आला. आधीच्या मुलीने त्याला फसवलंय. आता म्हणतो, दिवाळीत साखरपुडा करू. माझ्या घरी अजून काही माहीत नाही. तो वाईट नाहीये. मी उगाच बाऊ करतेय का?
– एक वाचक, नाशिक

तू बाऊ करत नाहीयेस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फोटोपाशी थांबले. दिवसभराच्या कामाने दमलेली मुलगी बसच्या खिडकीशी बसलीय, बाहेर ट्रकची रांग, हॉर्नचा कलकलाट, आणि ती पर्समधून फोन काढून रस्त्याचा फोटो घेतेय. वीस मिनिटं उशीर झाला, त्याचा पुरावा हाताशी हवा म्हणून. त्याने तो मागितलेलाही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. आधी तो विचारतो आणि तू सांगतेस. मग तो विचारायच्या आधीच तू सांगायला लागतेस. आणि मग जिथे गेल्यावर फार सांगावं लागेल, तिथे जाणंच सोडून देतेस. मिसळीचं नेमकं हेच झालं बघ. ‘जाऊ नकोस’ असं तो म्हणाल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. त्याची गरजच पडली नाही.

काळजी आणि पाळत यांतला फरक ओळखायला फार खोलात जावं लागत नाही. तुझी आई ‘पोचलीस का?’ विचारते, तू ‘हो’ म्हणतेस, ती ‘जेवून घे’ म्हणते आणि विषय संपतो. काळजीला तू सुखरूप असण्याशी मतलब असतो. पाळतीला ‘हो’ पुरत नाही. बरोबर कोण होतं, मग फोन का उचलला नाहीस, काल तर सहालाच निघाली होतीस, असे त्या ‘हो’च्या मागून प्रश्न येतच राहतात. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास ठेवता येतं. रात्री उशिरा एकटी रिक्षाने येताना एक तासाचं लावलंस तर ते मला पटेल, मीही लावते. पण तू सकाळी लावतेस आणि ते संपल्याबरोबर त्याला कळतं, म्हणजे ते आठ तासांचं असणार. अंबडला टेबलाशी बसून व्हाउचर तपासताना तुझ्यावर कुठलं संकट कोसळणार आहे?

तरीही नुसत्या पत्रावरून मी त्याच्यावर शिक्का मारणार नाही. नव्या नात्यात काही माणसं खरोखर धास्तावलेली असतात. कुणी समजावलं, थोडा विश्वास बसला की ती निवळतात. आधीच्या मुलीने दगा दिला असेल तर त्याचं दुःखही खरं असेल. पण त्या दग्याची भरपाई तुझ्याकडून वसूल होतेय, आणि तू तर तेव्हा त्याच्या आयुष्यात नव्हतीसही. हा धास्तावलेला आहे की ताबा घेणारा, हे त्याच्या गोड दिवसांवरून कळत नाही. तू ‘नाही’ म्हणाल्यावर तो काय करतो, त्यावरून कळतं. आणि पाच महिन्यांत तू त्याला एकही सरळ ‘नाही’ दिल्याचं मला पत्रात दिसलं नाही.

म्हणून एकच ‘नाही’ दे. छोटं, स्पष्ट आणि भांडणाच्या वेळी नव्हे, चांगल्या मूडमध्ये असताना. म्हण, ‘सोमवारपासून मी लोकेशन टाकणार नाही. घरी पोचले की मेसेज करेन.’ बास. बॅटरी उतरते, साहेब ओरडतात अशी कारणं देऊ नकोस. कारण दिलंस की तो त्यावर तोडगा काढतो. बॅटरीचं म्हणालीस तर पॉवर बँक आणून देईल, आणि मग तुझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. ‘मला नकोय’ एवढं कारण पुरेसं आहे. आणि त्यातला पोचल्याचा मेसेज मात्र न चुकता कर. खरी काळजी असेल तर तिची भूक त्या एका मेसेजने भागायला हवी.

त्या संध्याकाळी तो काय बोलला याला फार महत्त्व देऊ नकोस. पुढचे तीन आठवडे बघ. नाराज झाला, एखादा दिवस गप्प राहिला, ‘मला भीती वाटते गं’ म्हणाला आणि मग सवयीला लागला, तर ते माणसासारखं वागणं आहे. नाराज व्हायचा हक्क त्यालाही आहे. पण ‘लोकेशन नको तर मग फोनचा पासवर्ड दे’ अशी अदलाबदल सुरू झाली, तर त्याला तुझा नकार समजलेला नाही, तो फक्त दुसरं दार शोधतोय. दोन-तीन दिवस फोनच उचलायचा नाही, तू रडकुंडीला आलीस की मग बोलायचं, ही शिक्षा झाली. तुझ्या मैत्रिणीला फोन करून तुझा ठावठिकाणा विचारणं, कंपनीच्या गेटवर उभं राहणं, ‘तू सोडलंस तर मी जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणणं, यातलं काहीही एकदा जरी झालं तरी तीन आठवडे थांबू नकोस.

त्या गजऱ्याबद्दलही बोलायला हवं. तो रडला ते खरंच असेल. पण माफी मागताना तो काय म्हणाला, ते आठवून बघ. ‘मी तुझ्या मागे आलो ते चूक होतं, परत येणार नाही’ म्हणाला, की ‘तुझ्यावर एवढं प्रेम आहे म्हणून माझ्याकडून असं होतं’ म्हणाला? पहिल्यात त्याच्या वागण्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. दुसऱ्यात ती फुलांसकट तुझ्या ओंजळीत येते. आणि माफीनंतर तू पुन्हा मिसळ खायला गेलीस का? नाही. म्हणजे माफी मागूनही त्याला जे हवं होतं ते झालंच.

दिवाळीच्या घाईचं माझं मत ठाम आहे: आत्ता नाही. साखरपुडा एकदा ठरला की तो तुमच्या दोघांचा राहत नाही. हॉलचा ॲडव्हान्स, मामांची तिकिटं, शेजारच्या काकूंना सांगून झालेलं. मग एखादी गोष्ट खटकली तरी ‘आता कसं मोडायचं’ हे ओझं मुलीच्याच डोक्यावर येतं. ‘लग्नानंतर सुधारेल’ असं तुला चार जणं सांगतील. मला आलेल्या पत्रांत मी याच्या उलटच जास्त वाचलंय. आत्ता तर तो तुला जिंकण्याच्या दिवसांत आहे, म्हणजे सगळ्यात चांगला वागतोय. त्याला सांग, ‘दिवाळीत नको, मला अजून वेळ हवाय.’ तुझं दुसरं ‘नाही’ हेच, आणि त्यावर तो काय करतो तेही बघण्यासारखं आहे.

तीन आठवड्यांनी नातं संपवायचं ठरवलंस, तर ते समजावत, तुकड्यातुकड्याने करू नकोस. असा माणूस सगळ्यात बिथरतो तो सुटका होतेय असं दिसल्यावर, म्हणून ही गोष्ट गंगापूर धरणावर किंवा त्याच्या गाडीवर बसून सांगायची नाही. फोनवर सांगितलंस तरी चालेल, त्यात भेकडपणा काही नाही. एकाच मेसेजमध्ये लिही: ‘मला हे नातं पुढे न्यायचं नाही. यापुढे फोन, मेसेज किंवा भेट नको.’ लिहायला सांगते त्याला कारण आहे. स्पष्ट नकार दिल्यावरही एखादा पुरुष बाईच्या मागे फिरत राहिला, तिच्याशी संपर्क साधायचा प्रयत्न करत राहिला, किंवा ती इंटरनेट, मेल, मेसेज कसे वापरते यावर पाळत ठेवू लागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याआधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत ३५४ ड म्हणून होती. तुझा तो मेसेज हाच तुझ्या नकाराचा पुरावा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र तुला आज लागू होणार नाही, कारण त्यासाठी लग्न किंवा एका घरात एकत्र राहणं असं नातं लागतं.

मेसेज पाठवण्याच्या आधी फोन नीट तपास. व्हॉट्सॲपच्या मेनूत किंवा सेटिंग्जमध्ये Linked devices उघड आणि तुझ्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर लॉग आउट कर. गूगल मॅप्समध्ये Location sharing बघ, कारण तिथे एकदा चालू केलेलं बंद करेपर्यंत चालूच राहू शकतं. मेलचा पासवर्ड बदल. त्याचे जुने मेसेज लगेच पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीकडे ठेव, मग ब्लॉक कर. ‘शेवटचं एकदा भेट’ म्हणाला तर जायचं नाही. जिवाची धमकी दिली तरी एकटीने धावत जाऊ नकोस. त्याच्या घरच्यांना किंवा मित्राला लगेच कळव, ११२ ला फोन कर. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, तो त्याच्या घरच्यांना दे. तुला स्वतःला मदत हवी असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी एका माणसाला खरं सांग. आईला सांगायची भीती वाटत असेल तर समजू शकते, कदाचित ती म्हणेलही, ‘किती जपतो गं तुला.’ मग ज्या मैत्रिणींबरोबर मिसळीला जायचीस त्यांतल्या एकीला सांग. त्यांना तुझं काय बिनसलंय ते एव्हाना जाणवलं असेल, विचारायचं कसं म्हणून त्या गप्प असतील. या रविवारी तिला फोन कर, जा तिच्याबरोबर, आणि तो फोन पर्समध्ये सायलेंटवर ठेव. दोन पाव आणि एक ताक होईपर्यंत तो तिथेच राहू दे.