तपोवन बरोबर, मग मनोपूर्वक का नाही?

प्रश्न : आमच्या निमंत्रणपत्रिकेतले वाक्य असे आहे : “नाशिकच्या तपोवन परिसरातील वाचनालयाच्या वास्तूचा जीर्णोध्दार पूर्ण झाला असून त्यानिमित्त जुन्या ग्रंथसूचीचे पुनर्प्रकाशन होणार आहे, या सोहळ्यास आपण मनोपूर्वक उपस्थित राहावे.” यातले संधी बरोबर जुळले आहेत का? पत्रिका उद्या छापायला द्यायची आहे.

उत्तर : तीन शब्द दुरुस्त करावे लागतील : जीर्णोद्धार, पुनःप्रकाशन आणि मनःपूर्वक. ‘वाचनालय’ (वाचन + आलय) आणि ‘तपोवन’ बरोबर आहेत, आणि आपल्या वाक्यातली गोम त्या ‘तपोवना’तच आहे. पंचवटीतून तपोवनाकडे जाताना तो शब्द पाटीवर आपण रोज वाचतो, त्यामुळे ‘तपः’चे ‘तपो’ होते तसे ‘मनः’चे ‘मनो’ सगळीकडेच होत असावे, असे कानाला वाटू लागते.

पण विसर्गाचे पुढे काय होणार, हे त्याच्या पुढच्या वर्णावर अवलंबून असते. क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ आणि श, ष, स हे कठोर वर्ण. बाकीची व्यंजने मृदू. विसर्गाआधी ‘अ’ असेल आणि पुढे मृदू व्यंजन आले, तर त्या दोहोंच्या जागी ‘ओ’ येतो. म्हणून तपः + वन = तपोवन, मनः + रंजन = मनोरंजन. पुढे क, ख, प, फ यांपैकी वर्ण आला, तर विसर्ग सहसा तसाच राहतो. ‘पूर्वक’मधला प कठोर, म्हणून ‘मनःपूर्वक’. ‘मनोकामना’ आणि ‘तेजोपुंज’ हे सर्रास दिसणारे शब्दही याच कारणाने चुकीचे आहेत. ते ‘मनःकामना’ आणि ‘तेजःपुंज’ असे हवेत. पुढे ‘च’ आला तर विसर्गाचा ‘श्’ होतो, म्हणून त्याच ‘तपः’पासून ‘तपश्चर्या’ होते, तपोचर्या नव्हे.

आता ‘पुनः’. इथेही विसर्गाआधी ‘अ’च आहे, तरी आपण ‘पुनोवसन’ म्हणत नाही, ‘पुनर्वसन’ म्हणतो. याचे कारण असे की ‘मनः’चा विसर्ग मुळात ‘स्’ होता, तर ‘पुनः’चा आणि ‘अंतः’चा मुळात ‘र्’ होता. हे पाठ करण्याची गरज नाही, कारण मूळ वर्ण इतर शब्दांत उघडा पडलेला असतो : मनस्वी, तपस्वी, तेजस्वी यांत ‘स्’ दिसतो, तर पुनरपि, पुनरागमन, अंतरात्मा यांत ‘र’ दिसतो. त्यामुळे पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले की ‘पुनः’चा तो ‘र्’ परत येतो (पुनरुज्जीवन, पुनर्मुद्रण, पुनर्विवाह). पुढे कठोर वर्ण असेल तर मात्र तो येत नाही. ‘पुनश्च’ आणि ‘पुनःपुन्हा’ आपण न चुकता बरोबर म्हणतो. ‘पुनर्पुन्हा’ कोणी म्हणत नाही. तोच न्याय ‘प्रकाशन’ला लावला की ‘पुनःप्रकाशन’ मिळते. विसर्ग डोळ्याला खटकत असेल, तर ‘पुनर्मुद्रण’ लिहावे. म आणि प दोन्ही ओठांतलेच, पण म मृदू असल्यामुळे तिथे ‘र्’ शोभतो. अर्थात सूची नुसती पुन्हा छापली जाणार असेल तरच हा शब्द चालेल.

‘पुनर्रचना’चे काय, हा प्रश्न यानंतर हमखास येतो. संस्कृतात ‘र्’पुढे ‘र’ आला की पहिला लोपतो आणि त्याआधीचा स्वर दीर्घ होतो. ‘नीरस’ हा शब्द तसाच झाला आहे. त्या नियमाने ‘पुनारचना’ व्हायला हवे, पण मराठीत १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यापासून ते कार्यालयीन टिपणीपर्यंत ‘पुनर्रचना’ इतके रुळले आहे की ते बदलू नये, असे माझे मत आहे. ‘पुनर्तपासणी’ला मात्र मी हरकत घेतो : ‘तपासणी’ संस्कृत नव्हे, आणि आपल्याकडे ‘फेरतपासणी’ हा चांगला शब्द आहे.

‘जीर्णोद्धार’मध्ये संधी बरोबर झाला आहे, चूक जोडाक्षरात आहे. जीर्ण + उद्धार यात अ + उ = ओ; आणि ‘उद्धार’ म्हणजे उत् + हार, ज्यात त्-चा द् होतो आणि ह-चा ध. आधीचा वर्ण आधीच राहतो, म्हणजे अर्धा ‘द्’ आणि मग पूर्ण ‘ध’. आपण टाइप केलेल्या ‘ध्द’मध्ये हा क्रम उलटला आहे. एका छापखान्यात मुद्रितशोधन करताना देवळाच्या देणगी-पावत्यांचा अख्खा गठ्ठा याच एका अक्षरापायी माझ्या नजरेतून सुटून छापला गेला होता. त्या ठशात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ जवळजवळ सारखेच दिसत. तेव्हापासून हे अक्षर मी मोठे करून पाहतो.

छापायला देताना एवढे पाहा की ‘मनःपूर्वक’मध्ये विसर्गाचे चिन्हच टाइप झाले आहे, अपूर्णविरामाचे दोन ठिपके नाहीत. दिसायला दोन्ही सारखे, पण चिन्हे वेगळी आहेत.